संपादकांची साम्य-तपासणी: स्वतःच्याच प्रबंधाशी किती जुळणी चालते?

नीरजा_प

नमस्कार. भोर तालुक्यातील विहिरींच्या पाण्याच्या रासायनिक गुणवत्तेवर मी पुणे विद्यापीठात पीएच.डी. केली. प्रबंध २०२२ मध्ये मान्य झाला आणि नियमाप्रमाणे शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर उपलब्धही झाला. त्यातील चौथ्या प्रकरणावर आधारित लेख मी नुकताच एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाकडे पाठवला होता. तो परीक्षकांकडे न जाता संपादकीय कार्यालयातूनच परत आला. सोबत मजकुरातील साम्य शोधणाऱ्या आयथेंटिकेट या सॉफ्टवेअरचा अहवाल आणि दोन ओळींचे पत्र होते. एकूण साम्य ३८ टक्के असून ते ‘लक्षणीयरीत्या कमी करून’ लेख पुन्हा पाठवावा, एवढेच त्यात लिहिले आहे.

अहवाल उघडल्यावर दिसले ते असे. पहिल्या दोन्ही स्रोतांवर shodhganga.inflibnet.ac.in असे लिहिलेले आहे, एक १९ टक्के आणि दुसरा ८ टक्के. दोन्ही माझाच प्रबंध आहे. त्याखाली माझाच २०२१ मधील प्रकाशित लेख ३ टक्के आहे. उरलेले ८ टक्के एकेक किंवा त्याहून कमी टक्क्यांच्या बारीक स्रोतांमध्ये विखुरलेले आहेत.

प्रबंध माझा, मोजमापे माझी आणि वाक्येही माझीच. मग यातले किती ठेवता येईल आणि किती काढावे लागेल, याचा काही ठरलेला आकडा आहे का? ज्यांनी संपादनाचे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

शब्दवेध

आकडा ठरलेला आहे आणि तो १० टक्के आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर असे पुढचे तीन स्तर असून प्रत्येक स्तराला वाढती शिक्षा आहे. तुमचा लेख ३८ वर आहे, म्हणजे पहिल्या स्तराच्या अगदी काठावर आहात. आमच्या महाविद्यालयात हाच नियम लावतात. माझा सल्ला असा की वाक्यरचना बदला, शब्द बदला आणि १० च्या आत आणा. आठवडाभराचे काम आहे.

ओंकार_सातपुते

नीरजाताई, माझ्याही बाबतीत अगदी हेच झाले होते. प्रबंध सादर करण्यापूर्वी ग्रंथालयातून तपासून घेतला तेव्हा साम्य ४४ टक्के आले, कारण माझे दोन लेख आधीच छापून आले होते आणि तेच दोन प्रकरणांत घातले होते. मार्गदर्शकांनी त्या लेखांची यादी जोडून प्रमाणपत्र दिले, ग्रंथालयाने ते दोन स्रोत वगळून पुन्हा अहवाल काढला आणि तो ६ टक्क्यांवर आला. तुम्हीही मार्गदर्शकांचे पत्र जोडा, काम होऊन जाईल.

ग्रंथपाल_कोथरूड

ओंकार, तुमची दिशा उलटी आहे. तुमच्याकडे लेख आधी आणि प्रबंध नंतर होता, आणि तपासणी विद्यापीठाची होती. तिथे मार्गदर्शकांच्या पत्राला स्थान आहे. नीरजाताईंचा प्रबंध आधी आणि लेख नंतर आहे, आणि विचारणारे विद्यापीठ नसून प्रकाशक आहेत. मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र त्यांच्या कार्यपद्धतीत कुठेच बसत नाही.

शब्दवेध यांनी सांगितलेले स्तर बरोबर आहेत, पण ती नियमावली उच्चशिक्षण संस्थांसाठी आहे. विद्यार्थी, अध्यापक, संशोधक आणि कर्मचारी यांच्या बाबतीत संस्थेने काय करावे हे ती सांगते. परदेशी नियतकालिकाचा संपादक तिला बांधील नाही. शिवाय तिथेही संदर्भसूची, योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, प्रमाणित समीकरणे आणि सलग १४ शब्दांपर्यंतची योगायोगाची जुळणी वगळूनच टक्केवारी धरायची असते. तुमच्या अहवालात संदर्भसूची वगळली आहे की नाही, हे नीरजाताईंनी आधी पाहावे. पहिल्या किंवा शेवटच्या पानावर Exclude bibliography च्या पुढे On किंवा Off असे लिहिलेले असते.

एक सावधगिरीची सूचना आत्ताच देऊन ठेवते. सुधारलेला मसुदा महाविद्यालयाच्या सॉफ्टवेअरवर तपासायला द्याल तेव्हा तो साठवून ठेवू नका असे आवर्जून सांगा. तो एकदा संग्रहात गेला की पुढच्या तपासणीत तुमचा लेख स्वतःशीच जुळतो आणि ९० टक्क्यांच्या पुढचा आकडा येतो. घाबरलेले संशोधक दर महिन्याला आमच्या टेबलापाशी येतात, त्यांतल्या निम्म्यांचे कारण हेच असते.

नीरजा_प

धन्यवाद मॅडम. संदर्भसूची वगळलेली आहे, On असेच लिहिले आहे. म्हणजे ३८ हा आकडा मूळ मजकुराचाच आहे.

कर्वेरोडकर

मी भूशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक असून गेली अनेक वर्षे एका नियतकालिकाचा सहयोगी संपादक आहे. त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने काय दिसते ते सांगतो.

ठरलेला आकडा नाही. प्रकाशन-नीतीसाठी काम करणाऱ्या कोप या संस्थेने मजकुराच्या पुनर्वापराबद्दल संपादकांना मार्गदर्शन केले आहे, पण टक्क्यांची रेघ मारून दिलेली नाही. आयथेंटिकेटचा आकडा फक्त एवढेच सांगतो की इतके शब्द आणखी कुठेतरी सापडले. काही कार्यालये पहिल्या चाळणीसाठी स्वतःचा आकडा ठरवतात, तुमच्या बाबतीत बहुधा तेच झाले आहे. ते पत्र कार्यालयाचे आहे, अहवाल एखाद्या संपादकाने उघडून वाचलेला दिसत नाही.

प्रबंधापुरते बोलायचे तर बहुतेक मोठे प्रकाशक प्रबंधाला ‘पूर्वप्रकाशन’ मानत नाहीत. एल्सेव्हिअरच्या लेखक-सूचनांमध्ये तर लेख पूर्वी प्रकाशित झालेला नसावा या अटीला सारांश, व्याख्यान आणि प्रबंध हे अपवाद म्हणून नोंदवलेले आहेत. काही प्रकाशक हा निर्णय त्या त्या संपादकावर सोडतात, म्हणून तुमच्या नियतकालिकाच्या सूचनांमध्ये प्रबंधाचा उल्लेख शोधा आणि त्या ओळीचा पत्रात हवाला द्या.

पण नीरजाताई, तुमचे एक म्हणणे मला थोडे खटकले. ‘२७ टक्के माझाच प्रबंध आहे’ असे अहवाल म्हणत नाही. ही गोष्ट समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. सॉफ्टवेअर जेव्हा एकत्रित यादी देते, तेव्हा जुळलेला प्रत्येक तुकडा एकाच स्रोताच्या नावावर टाकते, आणि सहसा तो सर्वांत जास्त जुळणाऱ्या स्रोताच्या नावावर जातो. तुमचा अख्खा प्रबंध संग्रहात असल्याने तोच सर्वांवर मात करतो. आता समजा एखादा परिच्छेद तुमच्या लेखात आहे, तुमच्या प्रबंधात आहे आणि दुसऱ्या कुणाच्या लेखातही आहे. तो प्रबंधाच्या २७ मध्ये मोजला जाईल आणि तो तिसरा लेख यादीत दिसणारच नाही. रंग दिलेल्या भिंतीखालच्या भेगेसारखे ते साम्य झाकलेले राहते. प्रबंधाचा स्रोत वगळून अहवाल पुन्हा काढला की ते वर येते.

म्हणून संपादकाने प्रबंध मान्य केला तरी ३८ मधून २७ गेले आणि ११ उरले, असे गणित होत नाही. कार्यालयाला नम्रपणे लिहा की प्रबंधाचे दोन्ही स्रोत वगळून अहवाल काढून पाठवावा. त्यांना ते दोन मिनिटांचे काम आहे. येणारा आकडा ११ असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. तो जास्त आला तर फरक कशाचा आहे ते आपण पाहू.

शब्दवेध

सर, आपले म्हणणे पटते, पण व्यवहारात कार्यालयाशी वाद घालण्यापेक्षा शब्द बदलून टाकणे सोपे नाही का? आकडा खाली आला की प्रश्न मिटला.

कर्वेरोडकर

मिटत नाही, उलट नवा प्रश्न उभा राहतो. पद्धतीच्या भागातील शब्दांना नेमका अर्थ असतो. नमुने ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळले, धन आयनांसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणला, आणि विद्युतभाराचा तोल ±५ टक्क्यांत आहे हे तपासले, या वाक्यांत बदलायचे काय? ‘गाळले’ऐवजी ‘शुद्ध केले’ लिहिले की अर्थच बदलतो. ‘ग्राउंडवॉटर’च्या जागी ‘सबटेरेनियन लिक्विड’ आणि ‘कंडक्टिव्हिटी’च्या जागी भलताच शब्द असलेली हस्तलिखिते माझ्याकडे आली आहेत. अशा पिळवटलेल्या संज्ञा दिसल्या की संपादकाला पहिला संशय येतो तो मजकूर चोरून झाकल्याचा. प्रामाणिक लेखकाने स्वतःवर तो संशय का ओढवून घ्यावा?

ज्या भागात पुनर्लेखन खरोखर व्हायला हवे तो भाग वेगळा आहे: प्रस्तावना, चर्चा आणि निष्कर्ष. प्रबंधातील चर्चा परीक्षकांना पटवण्यासाठी लिहिलेली असते, लेखातील चर्चा एका प्रश्नाभोवती फिरते. तिथे जुने परिच्छेद उचलून ठेवले असतील तर साम्याचा प्रश्न बाजूला ठेवूनही लेख सैल होतो.

नीरजा_प

सरांनी सांगितल्याप्रमाणे कार्यालयाला लिहिले आणि त्यांनी नवा अहवाल पाठवला. प्रबंधाचे दोन्ही स्रोत वगळल्यावर एकूण साम्य ११ आले नाही, २० आले.

माझा २०२१ चा लेख ३ वरून ८ वर गेला. आमच्याच प्रयोगशाळेचा २०१६ मधील एक लेख आधी १ टक्का होता, तो ४ झाला. त्याचे लेखक माझ्या मार्गदर्शक आणि त्यांचे दोन माजी विद्यार्थी आहेत, मी नाही. बाकी किरकोळ स्रोत मिळून ८ आहेत. ते मी एकेक करून पाहिले. ‘दख्खनच्या बेसाल्टमध्ये भूजल मुख्यतः अपक्षयित थरांत आणि सांध्यांत साठते’ यासारखी वाक्ये आणि उपकरणांची नावे यांतच ते विखुरलेले आहेत.

कर्वेरोडकर

आता खरे चित्र दिसले. २७ पैकी १८ टक्के मजकूर फक्त तुमच्या प्रबंधात होता आणि ९ टक्के प्रबंधाखेरीज अन्यत्रही होता. १८ ची चिंता करू नका, ते जाहीर करणे पुरेसे आहे. विखुरलेल्या ८ मध्येही काही करण्यासारखे नाही. प्रश्न आहे तो २०२१ आणि २०१६ च्या लेखांचा, आणि ते दोन प्रश्न अगदी वेगवेगळे आहेत.

२०२१ च्या लेखाबद्दल मला सांगा: जुळलेले ८ टक्के लेखाच्या कोणत्या भागात आहेत? आणि दोन्ही लेखांतील नमुने एकाच हंगामाचे आहेत का?

नीरजा_प

साधारण ५ टक्के अभ्यासक्षेत्र आणि नमुने घेण्याची पद्धत यांत आहेत. ३ टक्के निकालांच्या पहिल्या दोन परिच्छेदांत आहेत. २०२१ च्या लेखात फक्त पावसाळ्यापूर्वीचे निकाल होते. नव्या लेखात पावसाळ्यापूर्वीचे आणि पावसाळ्यानंतरचे यांची तुलना आहे. म्हणजे मे महिन्यातील आकडे दोन्हीकडे तेच आहेत.

कर्वेरोडकर

मग तुमच्या हस्तलिखितातील सर्वांत नाजूक जागा हे तीन टक्के आहेत, आणि पहिल्या अहवालात ते प्रबंधाच्या १९ खाली झाकलेले होते.

प्रबंध पूर्वप्रकाशन नाही, पण २०२१ चा लेख निःसंशय पूर्वप्रकाशन आहे. त्यातील निकाल पुन्हा ‘निकाल’ म्हणून मांडले तर संपादक त्याकडे दुहेरी प्रकाशन म्हणून पाहू शकतो, मग साम्य तीन टक्के असो वा अर्धा टक्का. एखाद्या तक्त्यातील आकडे जसेच्या तसे असतील तर सॉफ्टवेअर ते पकडेलच असेही नाही, चित्रातील आलेख तर ते वाचतच नाही. म्हणून आकड्यावर विसंबू नका. ते दोन परिच्छेद निकालांतून काढा. पावसाळ्यापूर्वीची मूल्ये पूर्वी प्रकाशित झाली आहेत असे एका वाक्यात सांगून लेखाचा संदर्भ द्या, तक्त्यातील त्या स्तंभाखाली तीच नोंद करा, आणि लगेच तुलनेकडे वळा. तुमचा नवा मुद्दा तुलनाच आहे, तिला जागा मिळेल.

पद्धतीच्या ५ टक्क्यांसाठी ‘नमुने पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे घेतले’ म्हणून २०२१ च्या लेखाचा संदर्भ द्या आणि वाचकाला लागणारा गाभा चार-पाच वाक्यांत ठेवा. तेवढी वाक्ये जुळली तरी कुणी हरकत घेणार नाही.

ग्रंथपाल_कोथरूड

सरांच्या म्हणण्याला आपल्याकडचाही आधार आहे. अनुदान आयोगाने एप्रिल २०२० मध्ये स्वतःच्या मजकुराच्या पुनर्वापराबद्दल सूचना काढली होती. स्वतःच्या मोठ्या, आधीच्या कामातून तुकडा काढून तो योग्य उल्लेखाशिवाय प्रकाशित करणे तिने अमान्य ठरवले आहे. सगळा भार ‘योग्य उल्लेखाशिवाय’ या अटीवर आहे. पदोन्नतीच्या वेळी छाननी समितीपुढे तुमचा लेख आणि तुमचा प्रबंध शेजारी शेजारी ठेवले जाऊ शकतात, म्हणून नियतकालिकाने मागितले नाही तरी लेखात प्रबंधाचा संदर्भ द्या. शोधगंगेवरील hdl.handle.net/10603/ ने सुरू होणारा कायमचा दुवा द्यावा. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी असते आणि त्यामुळेच तुमचा एकच प्रबंध अहवालात दोन स्रोत म्हणून दिसला.

मृण्मयी_२२

मी मानसशास्त्रात काम करते. आमच्याकडे परीक्षकाला लेखकाचे नाव कळू देत नाहीत. लेखात प्रबंधाचा संदर्भ दिला तर शीर्षकावरून नाव लगेच सापडते. मग काय करायचे?

कर्वेरोडकर

मृण्मयीताई, प्रबंधाची माहिती संपादकाला लिहिलेल्या पत्रात आणि स्वतंत्र शीर्षक-पृष्ठावर द्या. परीक्षकांकडे जाणाऱ्या प्रतीत ‘लेखकाचा प्रबंध, नाव परीक्षणासाठी वगळले’ असे लिहा. स्वीकृतीनंतर पूर्ण संदर्भ घालता येतो.

नीरजाताई, तुमच्या पत्रात या गोष्टी स्पष्ट असाव्यात. लेख कोणत्या प्रबंधाच्या कोणत्या प्रकरणावर आधारित आहे, तो कुठे उपलब्ध आहे, २०२१ च्या लेखातील कोणते आकडे तुलनेसाठी पुन्हा वापरले आहेत आणि नवे काय आहे. प्रबंध वगळल्यावरचा आकडाही द्या. चांगला संपादक हे पत्र वाचून अहवालाकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

नीरजा_प

हे सर्व करते. २०१६ च्या लेखाचे मात्र कोडे आहे. जुळलेला मजकूर म्हणजे प्रयोगशाळेतील विश्लेषणाचा एक लांब परिच्छेद आहे: काठिण्यासाठी ईडीटीए अनुमापन, सोडियम आणि पोटॅशियमसाठी फ्लेम फोटोमीटर, मापनांकन कसे केले, पुनरावृत्ती किती घेतल्या. मी रुजू झाले तेव्हा तो कार्यपद्धतीच्या फाइलमध्ये टंकलेला होता आणि आमच्याकडचे सगळे विद्यार्थी तोच वापरतात. मार्गदर्शक मॅडमच्या मते तो प्रयोगशाळेचा मजकूर आहे आणि त्या नव्या लेखाच्याही सहलेखक असल्याने प्रश्न येत नाही.

शब्दवेध

मॅडमचे म्हणणे योग्य वाटते. लेखकांपैकी एक जण दोन्हीकडे आहे, म्हणजे तो स्वतःचाच मजकूर झाला.

कर्वेरोडकर

इतके सरळ नाही. २०१६ च्या लेखाचे दोन लेखक तुमच्या लेखात नाहीत. तो परिच्छेद त्यांच्यापैकी कुणी लिहिला असेल तर तो तुमच्यासाठी दुसऱ्याचा मजकूर ठरतो, मॅडमचे नाव दोन्हीकडे असले तरी. मी संपादक असतो तर तो परिच्छेद निम्मा करायला आणि २०१६ च्या लेखाचा संदर्भ द्यायला सांगितले असते, आणि पुढे गेलो असतो.

ग्रंथपाल_कोथरूड

इथे मी सरांशी पूर्ण सहमत नाही. तो परिच्छेद फाइलमध्ये २०१६ च्याही आधीपासून असेल तर मूळ लेखक कोण हे कुणालाच सांगता येणार नाही. अशा वेळी २०१६ च्या लेखाला श्रेय देणे म्हणजे केवळ त्यांनी आधी छापले म्हणून त्यांना लेखक ठरवणे होय. प्रयोगशाळेने ती कार्यपद्धती स्वतंत्र दस्तऐवज म्हणून एखाद्या खुल्या भांडारात नावांसह प्रकाशित करावी आणि सर्वांनी तिचाच संदर्भ द्यावा, हा मला अधिक स्वच्छ मार्ग वाटतो.

कर्वेरोडकर

पुढच्या विद्यार्थ्यांसाठी मार्ग उत्तम आहे. पण आज संपादकापुढे जो अहवाल जाणार आहे त्यात २०१६ चाच लेख ४ टक्के म्हणून दिसणार आहे, आणि नव्याने चढवलेला दस्तऐवज त्याचे उत्तर होऊ शकत नाही. छापील मजकूर जुळत असेल तर छापील मजकुराचाच संदर्भ द्यावा, या मतावर मी ठाम आहे.

नीरजा_प

मॅडमशी बोलले. आत्ता २०१६ च्या लेखाचा संदर्भ देऊन परिच्छेद पाच वाक्यांवर आणत आहोत, आणि त्या दोन माजी विद्यार्थ्यांना मूळ परिच्छेद कुणी लिहिला हे विचारणारे पत्र मॅडम पाठवत आहेत. निकालांतील ते दोन परिच्छेद काढले आहेत. त्यामुळे पावसाळ्यानंतर नायट्रेट कुठे वाढले याची चर्चा आता तिसऱ्या पानाऐवजी पहिल्याच पानावर सुरू होते. संपादकांना लिहिलेल्या पत्राचा मसुदा उद्या इथे देते, सर आणि ग्रंथपाल मॅडम यांनी कृपया एकदा नजर टाकावी.